कपात आणि वजावट : सामूहिक आरोग्यविम्याच्या हप्त्याची वाटणी आणि निव्वळ वेतन

इंग्रजीतील ‘डिडक्शन’ या एकाच शब्दाला मराठीत दोन शब्द आहेत. पगारातून रक्कम काढून घेतली जाते तेव्हा आपण ‘कपात’ म्हणतो. करपात्र उत्पन्नातून रक्कम वगळली जाते तेव्हा ‘वजावट’ म्हणतो. पहिल्या क्रियेने हातात पडणारा पैसा कमी होतो, तर दुसऱ्या क्रियेने ज्यावर कर बसावयाचा तो आकडा कमी होतो. मराठीने शब्दसंपत्तीत हा भेद सांभाळला आहे. तथापि वेतनपत्रके इंग्रजीत छापली जात असल्यामुळे व्यवहारात तो पुसला जातो. विम्याचा हप्ता ‘डिडक्शन’ या रकान्यात दिसला म्हणजे तेवढ्या रकमेवर कर लागणार नाही, अशी समजूत सुशिक्षित वर्गातही आढळते. ती पुष्कळदा चुकीची असते. प्रस्तुत लेखात हा भेद धरून एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे : सामूहिक आरोग्यविम्याच्या हप्त्याचा काही भाग नियोक्त्याने व काही भाग नोकराने सोसावयाचा असे ठरले, तर तो भाग कोणत्या रीतीने घेतला जातो यावर नोकराचे मासिक निव्वळ वेतन कसे अवलंबून असते?

विवेचन भारतातील खाजगी आस्थापनांपुरते मर्यादित आहे. कराचे सर्व आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्याखालील आहेत. पुढील वर्षांसाठी आकडे तपासून घ्यावे लागतील. तर्काची रीत मात्र तीच राहील.

वाटणीचे प्रकार

सामूहिक विम्यात करार विमा कंपनी आणि नियोक्ता यांच्यात होतो. नोकर हा त्या कराराचा पक्ष नसून लाभार्थी असतो. संपूर्ण हप्ता नियोक्ताच विमा कंपनीकडे भरतो, आणि नोकराचा वाटा हा नियोक्ता व नोकर यांच्यामधील अंतर्गत हिशेब असतो. ही गोष्ट प्रथमच ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढील सर्व गुंतागुंत तिच्यातूनच निर्माण होते.

अंतर्गत वाटणी सामान्यतः तीन तऱ्हांनी होते. पहिली प्रमाणाची : एकूण हप्त्याचे अमुक टक्के नियोक्त्याचे व उरलेले नोकराचे. दुसरी ठराविक रकमेची : नोकराने दरमहा निश्चित रक्कम द्यावयाची आणि बाकीचा भार नियोक्त्याने उचलावयाचा. तिसरी व्यक्तींची : नोकर, त्याची पत्नी वा तिचा पती व अपत्ये यांचा हप्ता नियोक्त्याने द्यावयाचा, आणि आईवडिलांना विम्यात घ्यावयाचे असल्यास त्यांचा हप्ता नोकराने द्यावयाचा. तिसरी तऱ्हा आपल्याकडे बरीच रूढ आहे. तथापि वाटणी कोणत्याही तऱ्हेची असली तरी अखेरीस नोकराच्या नावे वर्षाला काही रक्कम निघते, आणि ती त्याच्याकडून कशी वसूल करावयाची हा प्रश्न उरतो.

उदाहरणासाठी असे मानू की, एका नोकराच्या कुटुंबाचा वार्षिक हप्ता ३०,००० रुपये आहे. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर म्हणजे ५,४०० रुपये मिळवून एकूण ३५,४०० रुपये होतात. (२२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आरोग्यविम्यावरील हा कर रद्द झाला, सामूहिक विम्याला ती सूट मिळाली नाही. तेव्हा दोन्हींच्या हप्त्यांची तुलना करताना कर धरूनच आकडे घ्यावेत.) नोकराचा वाटा दरमहा १,००० म्हणजे वर्षाला १२,००० रुपये, आणि नियोक्त्याचा वाटा उरलेला २३,४०० रुपये.

एकाच रकमेच्या दोन वाटा

हे १२,००० रुपये दोन मार्गांनी घेता येतात. पहिल्या मार्गात नोकराचे एकूण वेतन आहे तेच राहते आणि दरमहा त्यातून १,००० रुपये कापले जातात. दुसऱ्या मार्गात पुढील वर्षाचे वेतन ठरवितानाच ते १२,००० रुपयांनी कमी ठरविले जाते आणि संपूर्ण ३५,४०० रुपयांचा हप्ता नियोक्त्याचा म्हणून दाखविला जातो. नियोक्त्याला दोन्ही मार्ग सारखेच पडतात. वार्षिक वेतन १५,००,००० रुपये असल्यास पहिल्या मार्गात त्याचा खर्च १५,००,००० अधिक २३,४००, आणि दुसऱ्या मार्गात १४,८८,००० अधिक ३५,४००. दोन्ही बेरजा १५,२३,४०० रुपयेच येतात.

नोकराच्या दृष्टीने मात्र दोन्ही मार्ग समान नाहीत. मान्यताप्राप्त योजनेखाली नियोक्त्याने नोकराच्या आरोग्यविम्यासाठी भरलेला हप्ता आयकर कायदा करपात्र परिलब्धी मानीत नाही. ही मोकळीक जुन्या व नव्या अशा दोन्ही करपद्धतींत आहे. नोकराने आपल्या वेतनातून दिलेल्या हप्त्याची गोष्ट निराळी आहे. तो हप्ता वेतन मिळाल्यानंतर केलेला खर्च होय. त्याला करात सवलत हवी असेल तर कायद्यात स्वतंत्र वजावट असावी लागते. जुन्या पद्धतीत अशी वजावट कलम ८०-डी खाली आहे. नव्या पद्धतीत ती नाही.

या भेदामागील तत्त्व आपल्या न्यायालयांनी फार पूर्वी स्पष्ट केले आहे. सीतलदास तीरथदास यांच्या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९६१ च्या आयकर निर्णयसंग्रहात प्रसिद्ध झाला. त्यात पत्नी व मुले यांच्या निर्वाहासाठी न्यायालयाच्या हुकुमान्वये दिलेली रक्कम उत्पन्नातून वगळावी काय, असा प्रश्न होता. न्यायालयाने भेद असा केला की, एखादी रक्कम नोकराच्या वा मालकाच्या हाती उत्पन्न म्हणून येण्यापूर्वीच दुसरीकडे वळलेली असेल तर ती त्याचे उत्पन्नच नव्हे. पण उत्पन्न हाती आल्यावर त्यातून एखादे देणे भागविले असेल, मग ते देणे कितीही बंधनकारक असो, तर तो उत्पन्नाचा विनियोग होय व त्यावर कर लागेल. त्या खटल्यातील रक्कम दुसऱ्या प्रकारची ठरली.

व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर, ‘मला पंधरा लक्ष मिळाले आणि त्यांतून मी बारा हजार दिले’ आणि ‘मला चौदा लक्ष अठ्ठ्याऐंशी हजारच मिळाले’ ही दोन वाक्ये एकाच शेवटापाशी पोचतात. पण कर पहिल्या क्रियापदावर बसतो. पैसा नियोक्त्याने परस्पर कापून घेतला, नोकराने तो डोळ्यांनी पाहिलाही नाही, एवढ्याने ‘मिळाले’ हे क्रियापद नाहीसे होत नाही. याच कारणाने दुसरा मार्ग वर्षारंभी वेतन ठरतानाच स्वीकारावा लागतो. एकदा वेतन देय झाल्यावर मागाहून नाव बदलून ते कमी दाखविता येत नाही.

आकड्यांतील फरक

आता वरील नोकराचा हिशेब नव्या पद्धतीने मांडू. भविष्यनिर्वाह निधी आणि व्यवसायकर दोन्ही बाजूंस सारखेच असल्यामुळे ते बाजूला ठेवले आहेत.

पहिल्या मार्गात १५,००,००० मधून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेल्यावर १४,२५,००० उरतात. त्यांपैकी पहिल्या चार लक्षांवर कर नाही. पुढील चार लक्षांवर ५ टक्क्यांनी २०,०००, त्यापुढील चार लक्षांवर १० टक्क्यांनी ४०,००० आणि उरलेल्या २,२५,००० वर १५ टक्क्यांनी ३३,७५०. मिळून ९३,७५० रुपये. त्यावर ४ टक्के उपकर ३,७५० धरून कर ९७,५०० होतो. दरमहा ८,१२५ रुपये. मासिक वेतन १,२५,००० मधून कर ८,१२५ आणि विम्याचे १,००० वजा जाता हातात १,१५,८७५ रुपये पडतात.

दुसऱ्या मार्गात वेतन १४,८८,००० आणि करपात्र रक्कम १४,१३,००० होते. त्यावरील कर उपकरासह ९५,६२८ रुपये, म्हणजे दरमहा ७,९६९. मासिक वेतन १,२४,००० मधून तो वजा केल्यावर हातात १,१६,०३१ रुपये येतात. विमा तोच, नियोक्त्याचा खर्च तोच. पण निव्वळ वेतनात दरमहा १५६ रुपयांचा फरक पडला. हा फरक म्हणजे १,००० रुपयांवर नोकराच्या शेवटच्या पायरीचा, उपकरासह १५.६ टक्के, कर होय. नोकराच्या १,००० रुपयांच्या वाट्याने त्याचे निव्वळ वेतन पहिल्या मार्गात पूर्ण १,००० रुपयांनी घटते, दुसऱ्यात ८४४ रुपयांनी.

हाच नोकर जुन्या पद्धतीत असेल आणि त्याचे करपात्र उत्पन्न दहा लक्षांच्या वर असेल तर चित्र पालटते. तेथे कापलेल्या १२,००० रुपयांची कलम ८०-डी खाली वजावट मिळते (स्वतः, पती वा पत्नी व अपत्ये यांच्यासाठी मर्यादा २५,००० रुपये, आईवडिलांसाठी स्वतंत्र मर्यादा आहे), आणि ३१.२ टक्क्यांनी ३,७४४ रुपये कर वाचतो. वेतन आधीच कमी ठरविले असते तरी तेवढाच कर वाचला असता. तात्पर्य, जुन्या पद्धतीत मर्यादेच्या आत दोन्ही मार्ग एकाच ठिकाणी पोचतात. नव्या पद्धतीत त्यांची फारकत होते. जुन्या पद्धतीत वर्षानुवर्षे वावरलेल्या लेखापालांना आणि नोकरांना हा प्रश्न पूर्वी जाणवला नाही, याचे कारण येथे आहे.

सीमेवरील नोकर

ही फारकत सर्वांत तीव्र होते ती बारा लक्षांच्या सीमेवर. नव्या पद्धतीत करपात्र उत्पन्न १२,००,००० पर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो. प्रमाणित वजावट धरता वेतन १२,७५,००० पर्यंत. सीमा ओलांडताच साठ हजारांचा कर एकदम पडू नये म्हणून सीमांत सवलत आहे : कर हा बारा लक्षांवरील आधिक्यापेक्षा जास्त असणार नाही. याचा अर्थ असा की, सीमेच्या लगत वर मिळालेला प्रत्येक रुपया संपूर्णपणे करात जातो, आणि त्यावर उपकराचे चार पैसे आणखी जातात. ही अवस्था करपात्र उत्पन्न सुमारे १२,७०,५८८ रुपये होईपर्यंत टिकते.

आता ज्याचे वार्षिक वेतन १२,८७,००० म्हणजे मासिक १,०७,२५० आहे असा नोकर घेऊ. त्याचे करपात्र उत्पन्न १२,१२,०००. कर १२,००० व उपकर ४८०, म्हणजे दरमहा १,०४० रुपये. पहिल्या मार्गाने विम्याचे १,००० कापले गेल्यावर त्याच्या हातात १,०५,२१० रुपये येतात. दुसऱ्या मार्गाने त्याचे वेतन १२,७५,००० ठरले तर कर शून्य होतो आणि हातात पूर्ण १,०६,२५० रुपये येतात. फरक दरमहा १,०४० रुपयांचा. एवढेच नव्हे, तर विमा मुळीच नसता आणि वेतन १,०७,२५० असते तरी कर जाऊन त्याच्या हातात १,०६,२१० रुपयेच आले असते. म्हणजे दुसऱ्या मार्गाने वाटा देऊनही त्याचे निव्वळ वेतन चाळीस रुपयांनी वाढले! वेतन कमी ठरवून हातात अधिक पडावे ही गोष्ट विरोधाभासासारखी वाटते. पण त्या पट्ट्यातील करदर शंभर टक्क्यांहून अधिक आहे हे लक्षात घेतल्यावर तीत नवल उरत नाही.

याच्या अगदी उलट स्थिती अल्पवेतनी नोकराची आहे. ज्याचे मासिक वेतन ३०,००० रुपये त्याला कोणत्याही मार्गाने कर नाही. म्हणून मार्ग बदलून त्याचे काही वाचत नाही. त्याचे १,००० रुपये म्हणजे पूर्ण १,००० रुपये. शिवाय ठराविक रकमेच्या वाटणीत तो आपल्या वेतनाचे ३.३३ टक्के देतो, तर सव्वा लक्षाचा नोकर ०.८ टक्केच देतो. याच्याशी कर्मचारी राज्य विमा योजनेची तुलना उद्बोधक ठरेल. १ जुलै २०१९ पासून तेथे नोकराचा वाटा वेतनाच्या ०.७५ टक्के आणि नियोक्त्याचा ३.२५ टक्के आहे. २१,००० रुपयांच्या मासिक वेतनावर नोकराची वर्गणी सुमारे १५८ रुपये होते. वर्गणी वेतनाबरोबर चढते-उतरते, पण ती योजना त्या वेतनमर्यादेपाशी संपते. मर्यादा ओलांडून सामूहिक विम्यात आलेल्या नोकराला पहिल्याच वेतनवाढीत आरोग्यविम्याचा वाटा कैक पटींनी वाढलेला आढळू शकतो. अशा आस्थापनेत वाटणी न्याय्य करावयाची तर मार्ग बदलून भागत नाही. रकमेऐवजी वेतनाच्या प्रमाणात वाटा ठरवावा लागतो.

वेतन कोठून कमी केले?

दुसरा मार्ग सर्वस्वी निर्दोष आहे असे मात्र समजू नये. वेतन १,००० रुपयांनी कमी करताना ते विशेष भत्त्यातून कमी केले की मूळ वेतनातून, हे पाहणे अगत्याचे आहे. वरील हिशेब विशेष भत्ता गृहीत धरून केला आहे. मूळ वेतन घटविले आणि आस्थापना प्रत्यक्ष मूळ वेतनावर १२ टक्के भविष्यनिर्वाह निधी भरीत असेल, तर नोकराची मासिक वर्गणी १२० रुपयांनी कमी होते. त्यामुळे सव्वा लक्षाच्या नोकराच्या हातातील घट ८४४ वरून ७२४ रुपयांवर आलेली दिसेल, आणि तो समाधान पावेल. वस्तुतः ते १२० रुपये त्याच्याच बचतीतून आले आहेत. शिवाय नियोक्त्याचे तितकेच १२० रुपये निधीत जमा होण्याचे थांबले. उपदानाची गणना शेवटच्या मूळ वेतनाच्या पंधरा दिवसांवर, महिना सव्वीस दिवसांचा धरून, होत असल्याने सेवेच्या प्रत्येक वर्षामागे सुमारे ५७७ रुपयांचे नुकसान होते ते निराळेच. वीस वर्षांच्या सेवेवर ही रक्कम साडेअकरा हजारांच्या घरात जाते. निव्वळ वेतन हे मासिक चित्र आहे. दूरचे नुकसान त्यात दिसत नाही.

वेतनपत्रकाचे वाचन

आपल्या बाबतीत कोणता मार्ग अवलंबिला आहे हे नोकराला तीन ठिकाणी पाहून कळू शकते. विम्याचा आकडा मासिक वेतनपत्रकाच्या कपातीच्या बाजूस असेल तर मार्ग पहिला. तो तेथे नसून फक्त नेमणूकपत्राला जोडलेल्या ‘कॉस्ट टू कंपनी’च्या तक्त्यात असेल तर मार्ग दुसरा. दोन्ही ठिकाणी असेल, तर कपातीतील आकडा हा नोकराचा वाटा आणि तक्त्यातील आकडा हा नियोक्त्याचा वाटा आहे, की एकच रक्कम दोनदा मोजली गेली आहे, हे विचारून घेतले पाहिजे. त्याची कसोटी सोपी आहे. मासिक एकूण वेतनाची बारापट, नियोक्त्याची भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी, उपदानाची तरतूद आणि तक्त्यातील हप्ता यांची बेरीज तक्त्याच्या अखेरच्या आकड्याइतकी यावी. कपातीतील रक्कम तीत पुन्हा मिळविल्याशिवाय बेरीज जुळत नसेल तर कोठेतरी दुहेरी गणना आहे.

तिसरे ठिकाण म्हणजे वर्षअखेरचे करकपातीचे प्रमाणपत्र. येथे दोन चुका वारंवार होतात. जुन्या पद्धतीतील नोकर कधीकधी संपूर्ण ३५,४०० रुपयांवर वजावट मागतो. पण नियोक्त्याचे २३,४०० रुपये त्याने भरलेले नसल्यामुळे त्यांवर त्याचा हक्क नाही. दुसरी चूक दुसऱ्या मार्गाच्या नोकराची : वेतन आधीच १२,००० रुपयांनी कमी ठरलेले असताना तो त्याच रकमेची वजावट मागतो. जे मिळाले नाही ते दिले असे म्हणता येत नाही.

वर्षाच्या मध्यावर नोकरी सोडणाऱ्याने आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे, आणि येथे मराठीची अडचण होते. ‘हप्ता’ या शब्दाचा अर्थ विम्याचे वार्षिक मूल्य असाही आहे आणि त्या मूल्याचा दरमहा द्यावयाचा अंश असाही आहे. ‘तुमचा हप्ता कापला जाईल’ या वाक्यावरून वर्षाचे १२,००० एकदम जाणार की महिन्याचे १,००० हे कळत नाही. काही आस्थापना संपूर्ण वाटा पहिल्याच महिन्यात कापतात. तेव्हा चौथ्या महिन्याअखेर नोकरी सोडणाऱ्याचा विमा तेथेच संपतो, पण आठ महिन्यांचे ८,००० रुपये आधीच गेलेले असतात. नाव कमी केल्यावर विमा कंपनी उरलेल्या काळाचा हप्ता नियोक्त्याला परत करते. परंतु त्या सभासदाने दावा घेतला असल्यास सामान्यतः करीत नाही. म्हणून परताव्याची अट आस्थापनेच्या नियमांत लेखी आहे काय ते पाहावे. दावा घेतलेल्या नोकराकडून राहिलेले मासिक अंश अंतिम हिशेबात वसूल केले जातात, तेही याच कारणाने.

वाटा कोणाचा?

शेवटी एक मूलभूत शंका उरते. नियोक्त्याचे २३,४०० रुपये खरोखर नियोक्त्याचेच असतात काय? अर्थशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा अभ्यास केला आहे. जोनाथन ग्रूबर यांनी १९९४ साली अमेरिकेतील एका उदाहरणाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. तेथे काही राज्यांनी सामूहिक विम्यात प्रसूतीचा खर्च समाविष्ट करणे सक्तीचे केले होते. ज्या वर्गासाठी विमा महागला त्याच वर्गाच्या वेतनातून तो वाढीव खर्च बऱ्याच अंशी भरून निघाला, असे त्यांना आढळले. आपल्याकडील ‘कॉस्ट टू कंपनी’चा तक्ता हीच गोष्ट उघडपणे करतो. ज्या तक्त्यात नियोक्त्याचा हप्ता एकूण आकड्याच्या आत धरलेला असतो, तेथे हप्ता वाढला की वेतनाचा दुसरा एखादा घटक तेवढ्याने आक्रसतो. ‘नियोक्त्याचा वाटा’ हे तेव्हा केवळ नामाभिधान असते. जेथे हप्ता त्या आकड्याच्या बाहेर ठेवलेला असतो तेथे निदान त्या वर्षापुरती वाढ नियोक्ता सोसतो.

म्हणून वाटणीचे प्रमाण काय आहे, एवढेच विचारून भागत नाही. नोकराचा वाटा वेतन ठरण्यापूर्वी गेला की नंतर, तो कोणत्या घटकातून गेला, आणि नियोक्त्याचा वाटा एकूण आकड्याच्या आत आहे की बाहेर, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. पहिल्याने कर ठरतो, दुसऱ्याने बचत आणि तिसऱ्याने पुढील वर्षीच्या दरवाढीचा भार. त्यांची उत्तरे मिळाली म्हणजे वेतनपत्रकातील शेवटचा आकडा तसा का आला, हे कोणालाही कागदावर मांडून पाहता येईल.